पित्याचा 'त'

संस्कृत आणि इंग्रजी शब्दांच्या जोड्या जमवण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. मातृ आणि मदर, भ्रातृ आणि ब्रदर, नाम आणि नेम, पथ आणि पाथ. जोडी जितकी हुबेहूब, तितका जमवणारा खूश. यातल्या पहिल्या तीन जोड्या खऱ्या आहेत. चौथी मात्र, म्हणजे सगळ्यांत हुबेहूब असलेली, संशयास्पद आहे, आणि ती हुबेहूब आहे म्हणूनच संशयास्पद आहे. याउलट 'पाद' आणि 'फूट' या शब्दांत कानाला सारखे असे काहीच लागत नाही. 'प' नाही, 'द' नाही, स्वरही वेगळा. तरी ते सख्खे भाऊ आहेत, आणि त्याचा पुरावा नेमका त्यांच्या फरकात आहे.

हे उलटे वाटते खरे. म्हणून आधी आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. संस्कृत 'कर्ण' मराठीत 'कान' झाला. 'पर्ण'चे 'पान' झाले, 'कर्म'चे 'काम', 'सप्त'चे 'सात', 'अष्ट'चे 'आठ'. जोडाक्षर मोडले, एक व्यंजन गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा आखूड स्वर लांब झाला. कर्ण आणि कान किती सारखे दिसतात याला इथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते फरक एकाच साच्याचा असण्याला. मग 'कर्म' आणि 'सप्तमी' हे शब्दही मराठीत आहेतच की, त्यांचे काय? ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून झिजत आलेले नाहीत, ते पोथीतून पुन्हा उचललेले आहेत. शाळेत आपण एकांना तद्भव आणि दुसऱ्यांना तत्सम म्हणायला शिकलो. कोणता शब्द कोणत्या वाटेने आला हे आपण त्याच्या झिजेवरून ओळखतो. जो झिजलेला नाही, तो उसना.

आता पायाकडे येऊ. संस्कृतात पाद किंवा नुसते पद्. लॅटिनमध्ये पेस्, पण ते फक्त प्रथमेत. षष्ठीत 'पेदिस' होते आणि तिथे मूळ अंग 'पेद्' दिसते. इंग्रजीत फूट. संस्कृत आणि लॅटिन या दोघींकडे प आणि द आहेत. इंग्रजीत पच्या जागी फ आहे आणि दच्या जागी ट. (इंग्रजी फ म्हणजे आपला 'फळ'मधला महाप्राण नव्हे, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून सोडलेला वारा.) एका शब्दात दोन व्यंजने आणि दोन्ही बदललेली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण पितृ, लॅटिन पातेर, इंग्रजी फादर: पुन्हा पच्या जागी फ. दश, देकेम, टेन: पुन्हा दच्या जागी ट. द्वौ, दुओ, टू. दन्त, लॅटिन अंग देन्त्, इंग्रजी टूथ. हा 'टूथ' मोठा बोलका आहे, कारण त्यात दचा ट आहे आणि शेवटच्या तचा थ. (जिभेचे टोक दातांत धरून काढायचा थ, आपला 'थंडी'तला नव्हे.) तो थ पुन्हा भेटतो: त्रि, त्रेस, थ्री. तनु, तेनुइस, थिन. म्हणजे एकट्या 'पाद'ने सुचवलेली गोष्ट दहा दिशांनी पक्की होत जाते. प जिथे असेल तिथे फ, त असेल तिथे थ, द असेल तिथे ट.

क आणि ह यांची जोडीही याच घरची, फक्त तिथे संस्कृतनेच थोडे वळण घेतले आहे. लॅटिनमधला 'केंतुम' म्हणजे शंभर, इंग्रजीत हंड्रेड. लॅटिन 'कानिस' म्हणजे कुत्रा, इंग्रजीत हाउंड. क गेला, ह आला. संस्कृतात मात्र शतम् आणि श्वन्. इथे बदल संस्कृतने केला आहे, जुना क-सारखा ध्वनी तिने तालव्य श केला. संस्कृतला सगळ्यांची आई समजणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. या शब्दांत लॅटिनचा क जुना आणि आपला श नवा आहे. संस्कृत ही बहीण आहे, वयाने मोठी, पुष्कळ जुने दागिने सांभाळून ठेवलेली, पण बहीणच.

कोणी विचारील, मग हृदय आणि हार्ट? दोन्हींत ह आहे की! हाच तो सापळा. लॅटिनमध्ये हृदय म्हणजे 'कोर', अंग 'कोर्द्'. लॅटिन क, इंग्रजी ह. लॅटिन द, इंग्रजी ट. हार्ट अगदी नियमात बसतो. नियमाप्रमाणे संस्कृतात इथे श यायला हवा होता. 'हृद्'मधला ह अनपेक्षित आहे, म्हणजे इंग्रजी आणि संस्कृत यांचे ह जुळतात तो योगायोग आहे. अपेक्षित रूप बहुधा 'श्रद्धा' शब्दाच्या पहिल्या भागात, 'श्रत्'मध्ये लपले आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हृदय ठेवणे ती श्रद्धा. कान जिथे सर्वांत जास्त खात्री देतो, तिथेच तो फसलेला असतो.

याचे सर्वांत गमतीदार उदाहरण जर्मनमध्ये आहे. 'जवळ असणे' या अर्थी लॅटिनमध्ये 'हाबेरे', जर्मनमध्ये 'हाबेन', इंग्रजीत 'हॅव'. अर्थ एक, रूप जवळजवळ एक. आणि नाते शून्य. इंग्रजी-जर्मन ह हा जुन्या कपासून येतो हे आपण पाहिले, तेव्हा लॅटिन नातलग कने सुरू व्हायला हवा. तो आहे: 'कापेरे', म्हणजे पकडणे, हस्तगत करणे. उलट लॅटिनचा ह हा जुन्या घपासून आलेला असतो आणि तिथे इंग्रजीत ग दिसतो: लॅटिन 'होस्तिस' म्हणजे परका, शत्रू, इंग्रजी 'गेस्ट' म्हणजे पाहुणा. म्हणून हाबेरेचा सोयरा इंग्रजीत गने सुरू होणारा हवा, आणि अभ्यासक तिथे 'गिव्ह'कडे बोट दाखवतात. घेणारा एका घरचा, देणारा दुसऱ्या घरचा, आणि चेहरे मात्र जुळ्यांचे.

आता 'पाथ' का संशयित ते कळेल. संस्कृत पथिन्, लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'पोन्स', अंग 'पोन्त्', अर्थ पूल. इंग्रजीने हा शब्द वारशाने मिळवला असता तर तो फने सुरू झाला असता. सुरुवातीला शाबूत प घेऊन उभा असलेला शब्द म्हणजे त्या भाषेचा 'तत्सम', कुठून तरी नंतर आलेला. हा शब्द जर्मानिक टोळ्यांनी इराणी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उचलला असावा असा एक जुना तर्क आहे. तो खरा धरला तर पाथ हा पथचा नातलग ठरतो, पण दत्तक घेतलेला. 'पेडल' आणि 'पॅटर्नल' यांची गोष्ट तर सरळच आहे. ते लॅटिनमधून इंग्रजीत आले, प तसाच घेऊन. म्हणून इंग्रजीत पाय फूट आहे आणि सायकलचे पेडल आहे, बाप फादर आहे आणि त्याचे विशेषण पॅटर्नल. आपल्याकडे कान असतो आणि कर्णभूषण असते, तसेच.

हा साचा व्यवस्थित मांडला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका उगमातून निघाल्या असाव्यात असे सांगितले होते, पण ते एका व्युत्पन्न माणसाचे निरीक्षण होते; व्यंजनांचा हिशेब त्यात नव्हता. तो हिशेब डॅनिश रास्मुस रास्कने १८१८ च्या ग्रंथात मांडला आणि जर्मन याकोब ग्रिमने १८२२ मध्ये आपल्या व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला पूर्ण रूप दिले. हा ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला. नियमाला नाव त्याचे पडले. रास्कवर हा अन्यायच झाला, असे माझे मत.

पण ग्रिमचा नियम मांडून झाल्यावर एक काटा रुतून राहिला, आणि तो नेमका 'फादर'मध्ये होता.

वरवर पाहता फादरमध्ये काही चुकलेले नाही. पितृ, पातेर यांत त आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी-एच आहे. तचा थ, नियम पाळला गेला. पुष्कळ सोप्या पुस्तकांत हे उदाहरण असेच देऊन पुढे जातात. पण आजच्या इंग्रजीवर विसंबून चालत नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या, बापाला 'फॅडर' म्हणत. स्वच्छ ड. आईला 'मोडोर'. चौदाव्या शतकात चॉसरही 'फाडर'च लिहितो. त्या डचा आजचा मऊ उच्चार त्याच्याही नंतर, पुढच्या रच्या सोबतीमुळे झाला. म्हणजे आज फादरमध्ये दिसणारा टी-एच ग्रिमच्या बदलाचा नाहीच, तो दीड-दोन हजार वर्षांनी उशिरा आलेला तोतया आहे. आणि भावाला मात्र जुन्या इंग्रजीत 'ब्रोथोर' म्हणत, खऱ्या थने. जर्मनमध्ये हा भेद आजही शाबूत आहे. बाप 'फाटर', आई 'मुटर', पण भाऊ 'ब्रूडर'. पहिल्या दोघांत ट, तिसऱ्यात ड. (जर्मनने नंतर आणखी एकदा व्यंजने हलवली, त्यात जुना ड तिथे ट झाला आणि जुना थ ड झाला. त्यामुळे गोंधळ वाटतो, पण भेद राहिला तो राहिलाच.)

प्रश्न असा. पितृ, मातृ, भ्रातृ: तिन्हींत तोच त, तोच ऋ, लॅटिनमध्ये पातेर, मातेर, फ्रातेर. आईबाप आणि भाऊ, एका घरातली, एका साच्याची तीन नावे. मग भावाला नियमाप्रमाणे थ मिळाला आणि आईबापांना ड का? ग्रिमने असे शब्द अपवाद म्हणून सोडून दिले होते. १८६२ मध्ये लोटनर नावाच्या अभ्यासकाने अपवादांची नीट वर्गवारी केली, पण या वर्गाचे कारण त्यालाही सापडले नाही.

ते सापडले कार्ल व्हेर्नर या तिशीही न गाठलेल्या डॅनिश तरुणाला, १८७५ मध्ये. त्याच्याबद्दल अशी आठवण सांगतात की दुपारी झोप यावी म्हणून त्याने एक जाडजूड पुस्तक हाती घेतले, ते होते बोप या भाषाशास्त्रज्ञाचे तौलनिक व्याकरण. समोर आलेल्या पानावर संस्कृत 'पितृ' आणि 'भ्रातृ' स्वरचिन्हांसह छापलेले होते. झोप राहिली बाजूला.

स्वरचिन्हे म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावायला नको. वेदपठण ज्याने एकदा ऐकले आहे त्याला उदात्त-अनुदात्ताचा चढउतार आठवेल. ऋग्वेदाच्या छापील पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी रेघ, आणि उदात्ताला काहीच खूण नसते. 'पि॒ता' लिहिताना रेघ 'पि'खाली येते, म्हणजे उदात्त 'ता'वर. 'मा॒ता' लिहितानाही तसेच, उदात्त दुसऱ्या अक्षरावर. पण 'भ्राता॑' लिहितात तेव्हा उभी रेघ 'ता'वर येते आणि बिनखुणेचा उदात्त 'भ्रा'वर असतो. आईबापांचा जोर शेवटी, भावाचा जोर आरंभी. आणि जर्मानिकमध्ये आईबापांना ड, भावाला थ.

एवढे जुळल्यावर पुढचे उलगडत गेले. ग्रिमच्या बदलाने त सगळीकडे थ झालाच होता, पित्यातही आणि भ्रात्यातही. त्यानंतर, शब्दाच्या आत जिथे त्या थच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर होता, तिथे तो थ तसाच राहिला. जिथे आधीचे अक्षर बिनजोराचे होते, तिथे तो सैलावला, घोष झाला, आणि पुढे ड बनला. 'भ्रा'वर जोर, म्हणून पुढचा थ टिकला. 'पि' बिनजोर, म्हणून पुढचा थ पाघळला. शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनाला आधीचे अक्षरच नाही, म्हणून फादरचा फ आणि थ्रीचा थ सुरक्षित. मघाशी 'हॅव'च्या शेवटी 'कापेरे'च्या पऐवजी फ न दिसता त्याचा घोष जोडीदार 'व्ह' दिसत होता, त्याचे मूळही अशाच सैलावण्यात आहे.

हे ऐकायला दूरचे वाटले तर दोन इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत: 'एक्सरसाइज' आणि 'एग्झाम'. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला तीच अक्षरे, ई आणि एक्स. एक्सरसाइजमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, आणि एक्सचा उच्चार कडक 'क्स'. एग्झाममध्ये जोर दुसऱ्यावर, आणि तोच एक्स मऊ 'ग्झ'. आपण मराठी माणसे इंग्रजी जोराची फारशी पर्वा करत नाही, तरी हा फरक तोंडात बसलेला आहे. इंग्रजीने व्हेर्नरचीच युक्ती पुन्हा एकदा केली आहे.

मग हे ग्रिमला का दिसले नाही? कारण जर्मानिक भाषांनी नंतर पुरावाच नाहीसा केला. त्यांनी जोर सगळ्या शब्दांत पहिल्या अक्षरावर आणून ठेवला. फादर, मदर, ब्रदर: आज तिघांचा जोर आरंभी. कारण पुसले गेले, परिणाम तेवढा उरला. लॅटिनचाही उपयोग नव्हता, तिनेही जुना जोर टाकून स्वतःचा नियम घातला होता. ग्रीकमध्ये स्वरचिन्हे होती, पण ग्रीकमध्ये 'आई'च्या शब्दावरचा जोर पहिल्या अक्षरावर सरकलेला आहे; केवळ ग्रीकवर विसंबले असते तर आई भावाच्या रांगेत जाऊन बसली असती आणि जुळणी बिघडली असती. वैदिक स्वरांनी मात्र आईला बरोबर बापाशेजारी ठेवले.

मला या प्रकरणात सर्वांत अजब वाटते ते हेच. गंगा-गोदेच्या काठी घोकून घोकून, अर्थ कळो न कळो, स्वर ढळू न देता जपलेल्या उच्चारात एका जर्मन शब्दातल्या टचे कारण शिल्लक होते. नंतरच्या संस्कृतात तो स्वर बोलण्यातून गेला होता. 'शाकुंतल' वाचून व्हेर्नरचा नियम सापडला नसता.

व्हेर्नरचा लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक होते, पहिल्या व्यंजन-स्थलांतराचा एक अपवाद, अशा अर्थाचे. पण त्यातून निघाले ते असे की अपवाद हा अपवाद नाहीच. त्याच्यामागे दुसरा एक नियम दडला आहे. त्याच दशकात लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांनी ध्वनिबदल बिनअपवाद असतात असा आग्रहच धरला. तो थोडा अतिरेकी होता. कधी कधी शब्द एकमेकांच्या साच्यात ओढले जातात हे त्यांनाही मान्य करावे लागले, आणि वर पाहिलेला आपला 'हृद्' आजही पूर्ण हिशेबात बसत नाही. तरी आग्रहाचा फायदा झाला. प्रत्येक न जुळणाऱ्या शब्दापाशी थांबून विचारायची सवय लागली: हा उसना आहे, की इथे आणखी एखादा नियम आहे?

काही ठिकाणी उत्तर ग्रिमच्याच नियमाच्या कडेला सापडते. स किंवा तत्सम वारेदार ध्वनीला चिकटलेला त बदलत नाही. म्हणून स्था, लॅटिन स्तारे, इंग्रजी स्टँड: त गेला नाही. अस्ति, एस्त, जर्मन इस्ट. अष्टौ, ओक्तो, एट: इथेही टी टिकून आहे. आधीचा सकारासारखा ध्वनी उच्चारताना हवा आधीच मोकळी सुटलेली असते. पुढच्या तला आणखी वारा करायचा तर शब्द नुसताच फुसफुसेल.

व्हेर्नरने सांगितलेली गोष्ट मात्र इंग्रजीत आजही रोज बोलली जाते, आणि आपण ती पाचवीत पाठ केलेली असते. 'आय वॉज', पण 'वी वेअर'. एकवचनात एस, अनेकवचनात आर. आपल्या बाईंनी याला 'अनियमित क्रियापद' म्हटले आणि विषय संपवला. हे रूप ज्या धातूपासून आले तो संस्कृतात आहे: वस्, राहणे; आपल्या वस्ती आणि वसाहतीतला. संस्कृतात त्याचे परोक्ष भूतकाळाचे रूप एकवचनात 'उवास' होते, आणि उदात्त धातूवर असतो. अनेकवचनात 'ऊषुः' होते, आणि उदात्त शेवटच्या प्रत्ययावर सरकतो. जर्मानिकमध्ये एकवचनात धातूवर जोर होता म्हणून पुढचा स टिकला: वॉज. (त्याचा आजचा मऊ झ-सारखा उच्चार पुष्कळ नंतरचा.) अनेकवचनात जोर पुढे गेला, धातू बिनजोर झाला, स सैलावून आधी झ झाला, आणि तो झ पुढे र बनला: वेअर.

जोर केव्हाच निघून गेला. तो एके काळी कुठे होता, ते एस आणि आर अजून सांगतात.